चार किलो 'चांदी' आणि तिची झीज

प्रश्न: वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांची वाटणी चालू आहे. दादा म्हणतो, मुदत ठेव त्याला आणि घरातली जुनी इंग्रजी चांदी मला. सगळं वजन 4,120 ग्रॅम भरलं आणि ते चांदीच्या भावाने धरायचं. त्यात मोठा ट्रे 2,200 ग्रॅम, बारा काटे व बारा मोठे चमचे मिळून 1,300, सहा सुऱ्या 500 आणि सहा लहान चमचे 120 आहेत. सुऱ्यांच्या मुठींवर आणि लहान चमच्यांवर सिंहाचा छाप आहे. पण लहान चमच्यांवर जांभळट डाग आहेत, म्हणून तेच खोटे असावेत असं वाटतं. मोठे चमचे मागून थोडे पिवळट झालेत, ट्रेच्या कडा लालसर दिसतात. मान्य करू का?

उत्तर: या हिशोबाने मान्य करू नका. तुम्ही लिहिलेल्या रंगांवरूनच सांगतो की ज्या सहा चमच्यांवर तुमचा संशय आहे, तेच बहुधा या संचातले सर्वांत खरे नग आहेत.

स्टर्लिंग म्हणजे 1,000 भागांत 925 भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. हे मिश्रण आरपार एकच असतं. म्हणून स्टर्लिंगचा चमचा पन्नास वर्षं वापरला तर तो पातळ होतो, काट्याची टोकं आखूड होतात, नक्षी बोथट होते, पण रंग बदलत नाही. मुलाम्याच्या भांड्याला मात्र आत दुसरा धातू असतो आणि वरची चांदी संपली की तो उघडा पडतो. तो कुठे उघडा पडला हे आधी पाहायचं. मोठा चमचा टेबलावर ठेवला की त्याची पाठ जिथे टेकते तो उंचवटा, काट्याची टोकं, ट्रेचे पाय आणि कडा, नक्षीचे उठलेले भाग: घासलं जातं ते इथेच. तुमच्या मोठ्या चमच्यांचा पिवळटपणा नेमका त्या जागी असेल, तर तो निकेल सिल्व्हरचा रंग आहे. याच धातूला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा असतो, चांदी त्यात अजिबात नसते. दांड्याच्या मागे 'ई पी एन एस' ही अक्षरं आहेत का ते भिंगाने पाहा. ती बरेचदा एकेका छोट्या चौकटीत उमटवलेली असतात आणि घाईत हॉलमार्कसारखी वाटतात. त्यांचा अर्थ निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला मुलामा, एवढाच. चुंबक लावून काही कळणार नाही, कारण तो चांदीलाही चिकटत नाही आणि या धातूलाही नाही.

आता ते जांभळट डाग. स्टर्लिंग घडवताना वारंवार तापवतात, तेव्हा त्यातल्या तांब्याचा ऑक्साइड पृष्ठभागाच्या जरा खाली तयार होतो. पुढे पॉलिश करता करता तो ढगासारखा दिसू लागतो: करडा-जांभळा, कडा विरलेल्या, आणि घासल्या जाणाऱ्या उंचवट्यांशी त्याचा काही संबंध नसतो. मुलाम्याची झीज याच्या उलट, उंचवट्यावरच दिसते. साधा काळपटपणा हा तिसरा प्रकार. तो मऊ कापडाने आणि चांदीच्या पॉलिशने निघून जातो. झिजलेली जागा मात्र पुसल्यावर आपल्या वेगळ्या रंगात अधिकच उठून दिसते. एकच चमचा हलकेच पुसून तिरप्या उजेडात धरा. जोर लावू नका, कारण मुलामा असेल तर दरवेळच्या घासण्याने तो आणखी जातो.

सुऱ्यांचं गणित वेगळं आहे आणि लोक सर्वाधिक फसतात ते इथे. सिंह हा इंग्रजी स्टर्लिंगचा छाप, म्हणजे मूठ खरी, पण ती पोकळ असते. चांदीचा पातळ पत्रा, आत राळेसारखा भराव आणि पुढे पोलादाचं पातं. मुठीला भोक पडलं असेल तर आत काळा भराव दिसेल. त्यामुळे चांदी खोटी ठरत नाही, फक्त वजनाचा बराच भाग चांदीचा नव्हता हे उघड होतं. एका मुठीत पंधरा ग्रॅमच्या आसपास स्टर्लिंग धरू.

म्हणजे लहान चमच्यांत 120 गुणिले 0.925, 111 ग्रॅम शुद्ध चांदी. सुऱ्यांत 90 ग्रॅम स्टर्लिंग, त्यात शुद्ध 83. एकूण 194 ग्रॅम. दादाच्या हिशोबातल्या 4,120 ग्रॅमच्या पाच टक्क्यांच्या आत.

काटे-चमच्यांवरची चांदी अगदीच शून्य नसते. युरोपातल्या जुन्या मुलाम्यावर '90' असा आकडा दिसतो. त्याचा अर्थ बारा काटे आणि बारा चमचे मिळून 90 ग्रॅम चांदी चढवली, म्हणजे एका नगावर चार ग्रॅमहून कमी, तीही नवी असताना. (त्याला नव्वद टक्के समजून पैसे मोजणारे भेटतात. जर्मनीत घडवलेल्या भरीव, खऱ्या चांदीवर '800' असतं.) तुमच्या चोवीस नगांवर तेवढा जाड मुलामा होता आणि झिजलाच नाही असं धरलं, तरी 90 ग्रॅमच होतात. ट्रे साधारण 55 बाय 35 सेंटिमीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना 20 मायक्रॉन मुलामा असेल तर आणखी 80. पण ही चांदी वेगळी काढायचा खर्चच एवढा की मोडीत मुलाम्याला चांदीचा भाव सहसा मिळत नाही.

तरी ट्रे लगेच स्वस्तात सोडू नका. लाल म्हणजे तांबं, आणि तांब्यावर चांदी दोन काळांत दोन तऱ्हांनी बसवली गेली. 1740च्या दशकात शेफील्डमध्ये तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायचे आणि मग लाटून त्याचं भांडं घडवायचे. 1840मध्ये एल्किंग्टन यांनी बर्मिंगहॅममध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि जुनी पद्धत मागे पडली. जुन्या पद्धतीच्या ट्रेत कापलेली कड तांब्याची दिसू नये म्हणून चांदीचा पत्रा दुमडून खाली वळवलेला किंवा कडेला चांदीची तार बसवलेली असते. नखाला खालून ती धार लागते. तसं असेल तर त्याची किंमत जुनी वस्तू म्हणून होते, वजनावर नाही, आणि त्यावर नवा मुलामा चढवला तर ती किंमत जाते. 'शेफील्ड प्लेटेड' असे शब्द छापलेले असतील तर तो बहुधा नंतरचा, विजेचा मुलामा.

सराफाकडे यंत्रावर कस पाहणार असाल तर लक्षात ठेवा की ते पृष्ठभाग वाचतं आणि जाड मुलाम्यालाही चांदी म्हणू शकतं. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कानशीने बारीक खाच मारून तिथे तपासायला सांगा. ट्रेवर मात्र जुन्या वस्तूंच्या जाणकाराने पाहीपर्यंत खाच मारू देऊ नका.

दादाकडे जाताना खोटेपणाचा आरोप घेऊन जाऊ नका. 'वजन इतकं, म्हणजे चांदी इतकी' असं त्यालाही प्रामाणिकपणे वाटत असेल. त्याला चमच्याची पाठ दाखवा. मग लहान चमचे आणि मुठी शुद्ध चांदीच्या वजनाने, आटणीची तूट वजा करून धरा. काटे-चमचे वापरायच्या वस्तू म्हणून धरा, ट्रे लेखी मूल्यांकनानंतर, आणि ठेव दोघांत विभागा. ठेवीची रक्कम आज कागदावर ठरलेली आहे, ट्रेची नाही. मूल्यांकन हातात येईपर्यंत वाटणीपत्रावर सही करू नका.