लॉट फॉर लॉट की फिक्स्ड पिरियड: एका ब्रॅकेटचा हिशोब

प्रश्न: आमच्या कारखान्यात नवीन ईआरपी बसवतोय. प्रत्येक पार्टला लॉट साइझचा नियम भरायचा आहे. लॉट फॉर लॉट ठेवू की फिक्स्ड पिरियड? छोटं उदाहरण घेऊन कोणी सांगेल का?

उत्तर:

सगळ्या पार्टना एकच नियम भरू नका. ज्या पार्टचा सेटअप जड आहे त्याला फिक्स्ड पिरियड, बाकीच्यांना लॉट फॉर लॉट, इथून सुरुवात करा. मी बरीच वर्षं शीट मेटलच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो, म्हणून प्रेसवर निघणाऱ्या एका ब्रॅकेटचं उदाहरण घेतो. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे धरले आहेत.

पुढच्या आठ आठवड्यांची निव्वळ गरज अशी आहे. हातातला स्टॉक वजा करून झाला आहे.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| नग | ८० | ० | १२० | ६० | ० | ० | १५० | ४० |

डाय चढवायची, शट हाइट लावायची, पहिला नग क्वालिटीकडून पास करून घ्यायचा, या सगळ्याचा खर्च एका सेटअपला १२०० रुपये धरू. आठवड्याच्या शेवटी जो नग पडून राहील त्याला आठवड्याला २ रुपये.

लॉट फॉर लॉट म्हणजे ज्या आठवड्यात जेवढं लागतं तेवढंच त्या आठवड्यासाठी काढायचं. इथे पाच आठवड्यांत गरज आहे, म्हणून पाच सेटअप, ६००० रुपये. स्टॉक कधीच उरत नाही, त्यामुळे साठवणुकीचा खर्च शून्य.

फिक्स्ड पिरियडमध्ये नगांची संख्या ठरलेली नसते, आठवडे ठरलेले असतात. चार आठवड्यांचा पिरियड घेतला तर पहिल्या आठवड्यात १ ते ४ ची सगळी गरज, म्हणजे २६० नग, एकदम काढायचे. त्यातले ८० लगेच जातात. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १८०-१८० पडून असतात, तिसऱ्याच्या शेवटी ६०. पुढची गरज थेट सातव्यात, तेव्हा १९० नगांचा दुसरा लॉट, त्यातले ४० एक आठवडा थांबतात. पडून राहिलेले नग मिळून ४६०, त्यांचे ९२० रुपये, आणि दोन सेटअपचे २४००. एकूण ३३२०. लॉट फॉर लॉटच्या मानाने जवळपास निम्मा खर्च.

हे का घडतं ते शेवटच्या दोन आठवड्यांत नीट दिसतं. आठव्या आठवड्याचे ४० नग सातव्यातच काढून ठेवले तर ८० रुपये लागतात. तेच वेगळे काढायचे तर १२०० रुपयांचा सेटअप. पण सातव्याचे १५० नग पहिल्याच आठवड्यात काढले तर ते सहा आठवडे पडून राहतील आणि १८०० रुपये खातील. तिथे नवा सेटअपच स्वस्त. एवढी तुलना मनात पक्की बसली की बाकीची सूत्रं आपोआप कळतात.

पिरियड किती घ्यायचा हे अंदाजानं ठरवू नका. आधी ईओक्यू, म्हणजे सेटअप आणि साठवणूक मिळून सगळ्यात स्वस्त पडणारा लॉट, काढा: आठवड्याची सरासरी गरज ५६.२५, म्हणून २ × ५६.२५ × १२०० ÷ २ चं वर्गमूळ, साधारण २६०. त्याला ५६.२५ ने भागलं की ४.६ आठवडे येतात, म्हणजे चार किंवा पाच. आपल्या उदाहरणात दोन्हींचा खर्च सारखाच, ३३२०. मग २६० नगांचा ठराविक लॉटच का नको? गरज अशी खडबडीत असली की ठराविक लॉटचे थोडे नग पुढच्या गरजेला न पुरता उगाच पडून राहतात. पिरियडचा लॉट गरजेवरच संपतो.

आता ईआरपीत लोक जिथे फसतात ती जागा. पिरियड सुरू कधी होतो आणि माल कधी हवा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा पिरियड ५ ते ८ असा धरला आणि सिस्टिमला सांगितलं की माल पिरियडच्या सुरुवातीलाच हवा. मग सातव्या-आठव्यात लागणारे १९० नग पाचव्यातच येऊन बसतात. एकूण खर्च ३३२० वरून ४०८० होतो, आणि प्लॅनरला नियम बरोबर भरल्यासारखंच वाटत राहतं. सॅपमध्ये EX म्हणजे लॉट फॉर लॉट, WB आठवड्याचा आणि MB महिन्याचा पिरियड. तिथे पिरियडच्या लॉटची तारीख पहिल्या गरजेवर धरायची की पिरियडच्या सुरुवातीवर, हे लॉट साइझच्या सेटिंगमध्ये ठरतं. तुमची सिस्टिम कुठलीही असो, एक पार्ट घेऊन हे तपासा: गरज नसलेल्या आठवड्यात ऑर्डर पडत असेल तर सेटिंग चुकलं आहे.

तारीख पहिल्या गरजेवर असली तरी एक धोका राहतो. समजा सर्व्हिस विभागानं पाचव्या आठवड्यात ५ नग स्पेअर म्हणून मागितले. चार आठवड्यांचा पुढचा पिरियड आता पाचव्यात सुरू होतो, आणि सातव्याचा अख्खा लॉट १९५ नगांचा होऊन दोन आठवडे अलीकडे सरकतो. साठवणुकीचे ७६० रुपये वाढतात. त्याहून वाईट म्हणजे पत्र्याची गरजही दोन आठवडे अलीकडे येते आणि स्टोअरला अचानक शॉर्टेज दिसतं. अशा वेळी ते ५ नग पहिल्या लॉटमध्ये मिळवून २६५ काढा आणि ती ऑर्डर फर्म करून टाका. पाच नग चार आठवडे ठेवायला ४० रुपये लागतात. हे सिस्टिम स्वतःहून करत नाही, प्लॅनरनं रोजचे एक्सेप्शन मेसेज वाचून करायचं.

सेटअपचा आकडा मात्र खरा असू द्या. डाय बदलण्याचा वेळ कमी करून १२०० चे २०० झाले तर लॉट फॉर लॉटला १००० लागतात, चार आठवड्यांच्या पिरियडला १३२०. दोन आठवड्यांचा पिरियड मग सगळ्यात स्वस्त पडतो, ८०० रुपये. म्हणजे सेटअप बदलला की मास्टरमधला पिरियडही बदलायला हवा, आणि नेमकं तेच राहून जातं. दुसरं असं की प्रेस दिवसातून चार तास रिकामी उभी असेल तर सेटअपच्या त्या १२०० पैकी ऑपरेटरचा आणि मशीनचा वेळ प्रत्यक्षात खिशातून जात नाही. प्रेस बॉटलनेक असेल तर उलट १२०० हा आकडाही कमी आहे.

कुठल्या पार्टला काय भरायचं: अंतिम असेंब्लीला लॉट फॉर लॉट, कारण तिथे सेटअप जवळपास नसतो आणि तयार माल सगळ्यात महाग. ब्रॅकेटसारख्या प्रेसच्या पार्टला पिरियड. त्याच्या ब्लँकला पुन्हा लॉट फॉर लॉट, कारण ब्रॅकेटच्या लॉटमुळे ब्लँकची गरज आधीच दोन ढिगांत गोळा झालेली असते.

ज्या पार्टचं ड्रॉइंग अजून बदलतंय त्याला सेटअप कितीही जड असला तरी लांब पिरियड देऊ नका. आमच्याकडे एका ब्रॅकेटला महिन्याचा पिरियड होता. लॉट निघाला आणि आठवडाभरात ग्राहकानं भोकाची जागा ३ मिलिमीटर सरकवली. उरलेले नग भंगारात गेले, आणि वर्षभर सेटअप वाचवून जे मिळवलं होतं ते त्या एका लॉटमध्ये गेलं. अशा पार्टला मी आता ड्रॉइंग स्थिर होईपर्यंत लॉट फॉर लॉटच ठेवतो.