कार्डावर आधी वेळ लिहा, बाकी नंतर

ताई, मुलाला शाळेत झटका आला तर काय करायचं याचं तुम्ही मॅडमसाठी केलेलं कार्ड पाहिलं, छान आहे पण फार लांब झालंय. मॅडम घाबरलेल्या असतात, पंधरा ओळी कोण वाचणार. सगळ्यात वर एकच लिहा, "झटके सुरू झाले की घड्याळ बघा". आमच्या इंदूरच्या शाळेत मुलाला झटका आला तेव्हा सर म्हणाले दहा मिनिटं चालला, मागच्या बाकावरच्या मुलीने घड्याळ पाहिलं होतं, दोनच मिनिटं. झटके थांबल्यावर तो गाढ झोपला, तेही सरांनी त्यातच धरलं. झटके थांबले की वेळ थांबवायची, हे वेगळं लिहा.

मग कुशीवर वळवणं, डोक्याखाली दप्तर नाही तर घडी केलेला स्वेटर, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा काय, पाणीसुद्धा नाही. आणि हो, कांदा-चप्पल हुंगवणं पण नाही, आमच्याकडे शिपाई काका चप्पल घेऊन धावतच आले होते.

झटके सुरू होऊन 5 मिनिटं झाली की झटके थांबवणारा नाकातला मिडाझोलाम स्प्रे आणि 108. इथेच गडबड होते. आमच्या डॉक्टरांनी 25 किलो वजनाला 5 मिग्रॅ लिहिलं होतं, एका बाटलीत एका फवाऱ्याला 0.5 मिग्रॅ म्हणजे दहा फवारे, दुसरी 1.25 ची, तिचे चारच. म्हणून मिग्रॅ नको, शाळेत ठेवलेल्या त्याच बाटलीचे फवारे डॉक्टरांकडून लिहून घ्या, प्रत्येक नाकपुडीत किती तेही. वजन वाढलं की परत विचारा, एक्स्पायरी पण कार्डावरच टाका.