मिनिट्सची पाळी ग्रुपवर सुचवताना

दर सोमवारच्या बैठकीचे मिनिट्स तुम्ही टीममध्ये नवीन म्हणून तुमच्याच गळ्यात पडत असतील, तर ग्रुपवर ‘आळीपाळीने घेऊ या’ एवढेच लिहू नका. त्यावर अंगठे उमटतात, पण नाव कोणीच देत नाही. आधी टीम लीडना स्वतंत्रपणे कल्पना द्यावी आणि मग तारखा व नावे भरलेला मसुदाच टाकावा: ‘या महिन्याचे मिनिट्स असे घेऊ या का? 6 तारखेला मी, 13 ला जोशी, 20 ला देशपांडे, 27 ला पाटील. बदल हवा असल्यास कृपया बुधवारपर्यंत कळवावे.’ पहिली पाळी स्वतःकडे ठेवल्याने काम टाळल्याचा संशय उरत नाही. संदेश पिन करावा.

खरी कसोटी कोणी रजेवर गेल्यावर लागते. ज्याला जमणार नाही त्याने स्वतःच अदलाबदल ठरवून ग्रुपवर लिहावे, हे मसुद्यातच नमूद करा. नाहीतर रिकामी पाळी पुन्हा तुमच्याकडे येते आणि दोनदा तुम्ही ती भरून काढलीत की वेळापत्रक कागदावरच राहते. बैठक चालवणाऱ्याला त्या दिवशी मिनिट्स देऊ नयेत, कारण बोलणे आणि टिपणे एकाच वेळी नीट होत नाही. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत एवढेच लिहायचे ठरले, तर बहुतेक जण कुरकुर न करता तयार होतात.