फ्रेंच प्रगतिपुस्तकातला 'झ्युस्त'

शिक्षकांचा शेरा इंग्रजीत भाषांतरित करण्याआधी शेजारचे २० पैकी गुण आणि वर्गाची सरासरी पाहा. समजा गणितात १०.२, वर्गाची सरासरी १२.८ आणि शेरा 'रेझ्युल्ता झ्युस्त'. नवखे इथे 'फेअर रिझल्ट्स' लिहितात आणि इशाराच नाहीसा होतो. झ्युस्त म्हणजे जेमतेम; म्हणून 'ओन्ली जस्ट अ‍ॅडिक्वेट' लिहा. आधी 'त्रो', म्हणजे 'फारच', असेल तर गुण अपुरेच आहेत: 'नॉट क्वाइट अ‍ॅडिक्वेट'.

याउलट 'सातिस्फेझां' हे बहुधा खरं कौतुक असतं. इंग्रजी 'सॅटिस्फॅक्टरी' फारच थंड वाटतं, तिथे 'गुड' बरं. गुणांची टक्केवारी मात्र करू नका. २० पैकी १४ तिकडे चांगले मानतात, ७० टक्के वाचून परदेशी शाळा नाक मुरडेल.