मोडीचा फोटो वाचायला नको म्हणावा तो कधी?

ताई, पणजोबांच्या जमिनीच्या कागदाचा फोटो पाठवला होता. वरच्या दोन ओळी तुम्ही लगेच वाचून दाखवल्यात आणि खालचं वाचता येत नाही म्हणालात. फोटो तर एकच आहे, मग असं कसं?

वरच्या ओळी मला पाठ असतात. 'मौजे', 'तालुके', 'बिन' हे शब्द शेकडो कागदांत त्याच जागी येतात. निम्मं अक्षर दिसलं तरी उरलेलं डोकं भरून काढतं आणि आपल्याला वाटतं, वाचलं. म्हणून फोटो चालेल की नाही हे मी त्या ओळींवरून ठरवत नाही. ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते आधी बघते, म्हणजे माणसांची नावं आणि आकडे.

तुमच्या कागदाच्या शेवटच्या ओळीत चाराचा आकडा आहे आणि त्यापुढे उभ्या रेघा. दोन रेघा असतील (४॥) तर साडेचार, तीन असतील (४॥।) तर पावणेपाच. फोटोची उंची ७०० पिक्सेल आणि कागद फूलस्केप, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर. एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. बोरूच्या दोन रेघांमध्ये मिलिमीटरभर अंतर असतं, त्यामुळे फोटोत तिथे एकच करडा पट्टा उरलाय. त्यात रेघा दोन की तीन, हे मोडी कितीही चांगली येत असली तरी सांगता येणार नाही. जमिनीच्या कागदात मी तो आकडा अंदाजाने लिहिणार नाही.

फोटो मोठा करून, शार्प करणाऱ्या ॲपमधून काढून पाठवला तर चालेल का?

कृपा करून तसं करू नका. मोठं केल्याने पिक्सेल वाढतात, पण कागदावरची नवी रेघ एकही येत नाही. काही ॲप्स तर पुसट जागी आपल्या मनाने ठळक कडा काढतात. मग अक्षर सुबक दिसतं, पण ते कारकुनाच्या हातचं नसतं. असा फोटो धूसर फोटोपेक्षा वाईट, कारण धूसर फोटोत निदान शंका तरी येते.

काळोखा किंवा पिवळट फोटो मात्र परत पाठवायची गरज नसते. उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलला की पुष्कळदा तो वाचता येतो. हात हलला असेल किंवा फोकस चुकला असेल, तर दुसरा फोटोच हवा.

जन्म-मृत्यूच्या नोंदीत जातीच्या रकान्यात 'कुणबी' आहे का, एवढंच सांगा. बाकी वाचलं नाही तरी चालेल.

असं विचारलं की मला जास्त सावध व्हावं लागतं. शब्द आधीच कानात पडला की डोळे तोच शोधतात. तुम्ही पाठवलेल्या रकान्यात सुरुवातीचं 'कु' दिसतं, पुढे डाग आहे. 'कुणबी'सारखंच 'कुंभार'ही 'कु'नेच सुरू होतं आणि मोडीत अनुस्वार बऱ्याचदा देतच नाहीत, त्यामुळे तो दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. मग मी त्याच पानावरच्या इतर नोंदी बघते. त्याच हाताने दुसरीकडे 'णबी' स्पष्ट लिहिलं असेल तर त्याची लांबी आणि खाली उतरणारे फाटे डागाशी ताडून बघता येतात. तुमच्या फोटोत एकच नोंद कापून आली आहे, म्हणून ताडायला काही नाही. माझं उत्तर असं: "पहिलं अक्षर 'कु', पुढचं फोटोत दिसत नाही." 'कुणबी असावा' असंही मी लिहून देणार नाही, कारण पुढे त्या 'असावा'चा 'आहे' होतो.

अभिलेख कक्षात जाऊन पूर्ण पानाचा फोटो किंवा नक्कल मिळवा. मूळ पानावर डाग शाईचा आहे की फोटोचा, हेही तिथेच कळेल.

मी मोडी शिकतोय. अर्धवट वाचता आलं तर लिप्यंतरात काय लिहायचं?

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. कागद फाटला किंवा कसरीने खाल्ला असेल तर [कागद फाटला]. फोटोत दिसत नसेल तर [फोटो अस्पष्ट, अंदाजे ३ अक्षरं]. दिसतंय पण खात्री नसेल तर वाचलेला शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. पहिल्यात काही करता येत नाही, दुसऱ्यात नवा फोटो मागता येतो आणि तिसऱ्यात दुसऱ्या वाचकाला विचारता येतं. तिन्ही ठिकाणी नुसते टिंब दिले तर फोटो पाठवणाऱ्याला पुढे काय करावं हे कळत नाही.

कुठे थांबायचं यासाठी माझं माप असं आहे. फोटो मूळ आकारात उघडून एका अक्षराची उंची किती पिक्सेल आहे ते बघते. वीस पिक्सेलच्या वर असेल तर निश्चिंत वाचते, दहाच्या खाली असेल तर न वाचताच परत पाठवते. मधल्या फोटोंत मजकूर वाचते, पण आकडे आणि नावं दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवशीचं न बघता, पुन्हा वाचते. दोन्ही दिवशी वेगळं आलं तर तो शब्द सोडून देते आणि तसं लिहिते.

मग फोटो पाठवायचा कसा?

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून. एका पानाचे वर-खाली दोन फोटो काढा, थोडा भाग दोन्हीत येऊ द्या, आणि एका कोपऱ्यात मोजपट्टी ठेवा.