धुक्यातल्या फोटोला कॅप्शन

अरे, सिंहगडावरच्या फोटोसाठी कॅप्शन सुचव म्हणालास, तर तू लिहिलेलं ते 'सह्याद्री बोलावतो' आधी खोड, ते कुठल्याही गडाला चिकटतं. तुझ्या फोटोत काय आहे ते बघ: सिंहगडाचा कल्याण दरवाजा, पाठमोरा तू, पुढे नुसतं पांढरं. उघडीप असती तर गडावरून राजगड-तोरणा दिसले असते. मग तेच लिही: "समोर राजगड आणि तोरणा आहेत. शप्पथ." विचारी हवं असेल तर: "वाट दहा पावलांपुरतीच दिसत होती. तेवढी पुरली." इथेच थांब, पुढे 'स्वतःचा शोध' जोडलास की माती झाली. एकटा गेलास हे सांगायचंय? "कांदाभजी एक प्लेट, वाटेकरी शून्य." मला हेच आवडलं. पहिली ओळ आखूड ठेव, लांबलचक मजकूर फीडमध्ये दडतो. गडाचं नाव लोकेशनमध्ये टाक.