१४ लाख अडकलेत: दावा, लवाद की मध्यस्थी?

"जालन्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. लातूरच्या एका दाळमिलला दोन एलेव्हेटर आणि कन्व्हेयर दिला. १४ लाख अडकलेत, ते म्हणतात माल सदोष आहे. कोर्टात जाऊ, लवाद नेमू की मध्यस्थी करू?"

आधी मिलने दिलेली पर्चेस ऑर्डर उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. वाद लवादाकडे जाईल असं कलम तिथे असेल आणि तुम्ही तो कागद स्वीकारून माल पाठवला असेल, तर कोर्टाचा रस्ता जवळजवळ बंद समजा. दावा लावलात तरी समोरचे वकील कैफियत देण्याआधी लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज देतात आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडेच पाठवतं. 'लवाद आम्हीच नेमू' असं त्यात लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. दोघांच्या संमतीने नाव ठरलं नाही तर हायकोर्ट नेमून देतं. फक्त खर्चाचा अंदाज ठेवा. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दराने १४ लाखांच्या वादात लवादाचं मानधन ७६,५०० रुपये होतं आणि एकच लवाद असेल तर त्यावर पाव हिस्सा जास्त, म्हणजे ९५,६२५. सहसा निम्मं तुमच्याकडे येतं, वकील वेगळा.

असं कलम नसेल तर हा व्यापारी दावा होतो. ३ लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई किंवा जप्तीचा हुकूम मागायचा नसेल तर, दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. तो न करता लावलेला दावा कोर्ट फेटाळतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा. तुमच्या रकमेला मध्यस्थाची फी ३०,००० आहे, दोघांत निम्मी.

ही केवळ उरकायची पायरी आहे असं मी पूर्वी समजत होतो. एका अशिलाच्या प्रकरणाने माझं मत बदललं. त्याचंही यंत्रांचंच काम, ११ लाख अडकलेले. मिलचं म्हणणं, एलेव्हेटरचा पट्टा घसरतो, उत्पादन निम्म्यावर आलं. मध्यस्थाने दोघांना वेगवेगळं बसवलं, तेव्हा मिलच्या मॅनेजरने कबूल केलं की दोनपैकी एक एलेव्हेटर व्यवस्थित चालतो. खरा राग वेगळाच होता. ऐन तुरीच्या हंगामात नऊ दिवस फोन करूनही मेकॅनिक आला नव्हता. हे कोणत्याच पत्रव्यवहारात नव्हतं. मध्यस्थीत बोललेलं पुढे कोर्टात वापरता येत नाही, म्हणूनच तो मोकळेपणाने बोलला. शेवटी ठरलं असं: अशिलाने पंधरा दिवसांत स्वखर्चाने गिअरबॉक्स बदलायचा, मिलने साडेनऊ लाख तीन हप्त्यांत द्यायचे आणि एक जरी हप्ता चुकला तर पूर्ण ११ लाख व्याजासह लागू. हे शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं. या पद्धतीने झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकंच बळ असतं, नवा दावा लागत नाही, थेट वसुलीची दरखास्त करता येते. तिसरा हप्ता थकला तेव्हा दरखास्तीची नोटीस जाताच पैसे आले. गिअरबॉक्स बदलून द्या आणि हिशेब मिटवा, असा निकाल कोर्टाकडून मिळाला नसता. तिथे सदोष होता की नव्हता, एवढंच ठरतं.

पण समोरचा चालढकल करत असेल तर लगेच ओळखा. तो बैठकीला येतो, चहा पितो, पण एकही आकडा बोलत नाही. मग अपयशाचा अहवाल घ्या आणि दावा लावा. मध्यस्थीत गेलेला काळ दावा लावायच्या तीन वर्षांच्या मुदतीतून वजा होतो. मिल यंत्रं किंवा जागा विकायला काढते आहे असं मोंढ्यात कानावर आलं, तर मध्यस्थीत वेळ घालवू नका, सरळ कोर्टात जप्तीची तातडी मागा.

आणि एक रस्ता तुम्ही विचारलाच नाही. तुम्ही स्वतः बनवून विकता, नुसता व्यापार नाही. ऑर्डरच्या आधीपासून तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असाल, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे जा. माल घेतल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. परिषद आधी समेट घडवते, तो न झाल्यास लवाद चालवते. ऑर्डरमध्ये लवादाचं कलम असलं तरीही. निवाड्याविरुद्ध मिलला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून तिथे टाळाटाळ महाग पडते. कायद्याने ९० दिवस दिलेत, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो.

बिलाची आणि उद्यम नोंदणीची तारीख इथे कळवा, आणि ऑर्डरच्या मागच्या पानावर काय आहे तेही.